खुलाशात चूक कबूल करायची, पण किती?

प्रश्न : मी शासकीय कार्यालयात लिपिक आहे. एका सहकाऱ्याच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीचे प्रकरण 3 जूनला माझ्याकडे आले आणि मी ते 24 जूनला सादर केले. मधे मुलाला डेंग्यू झाल्यामुळे 9 ते 13 जून रजेवर होते. मे महिन्यापासून दुसऱ्या टेबलचा अतिरिक्त कार्यभारही आहे. सहकाऱ्याने तक्रार केली आणि मला कारणे दाखवा नोटीस आली, तीन दिवसांत खुलासा मागितला आहे. मी लिहिले, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे विलंब झाला, क्षमा असावी.’ मैत्रीण म्हणते, काहीच कबूल करू नकोस, कामाचा ताण लिही. काय करू?

उत्तर : विलंब कबूल करा, पण ‘निष्काळजीपणा’ हा शब्द काढा. प्रकरण कधी आले आणि कधी गेले हे आवक नोंदवहीत लिहिलेलेच आहे. ते नाकारलेत तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. पण निष्काळजीपणा हा घटनेचा तपशील नाही, तो घटनेवरचा निष्कर्ष आहे, आणि तो काढण्याचे काम शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याचे आहे.

बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा 2005 चा अधिनियम आहे. त्याच्या कलम 10 नुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. पण शिस्तभंगाची कारवाई होते ती हेतुपुरस्सर विलंबासाठी किंवा दुर्लक्षासाठी. म्हणजे तुमच्या मसुद्यातला तो एक शब्द कलमाच्या भाषेत जाऊन बसतो. पुढे चौकशी झालीच, तर तुमच्या सहीचा हा कागद पहिला पुरावा म्हणून पुढे ठेवला जाईल. एखादी चूक झाली म्हणजे ते गैरवर्तन ठरतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये जे. अहमद यांच्या प्रकरणात सांगितले आहे. ही वाट स्वतःच्या हाताने बंद करू नका.

आता तारखांकडे या, कारण तुमचे साहेब आधी तेच मोजतील. सात दिवसांची मुदत रजेच्या काळात संपली, हे खरे. पण 16 जूनला तुम्ही हजर झालात आणि त्यानंतरही कामाचे सहा दिवस प्रकरण तुमच्याकडेच होते. मुलाच्या आजारपणाने ते सहा दिवस भरून निघत नाहीत. सगळा विलंब आजारपणावर ढकललात, तर खरे कारणही सबब वाटेल. तुमची नेमकी चूक दोन जागी आहे : रजेवर जाताना प्रलंबित प्रकरणांची यादी कुणाकडे दिली नाही, आणि परतल्यावर जुने टपाल आधी पाहिले नाही. तेवढेच आणि तसेच लिहा.

मजकूर साधारण असा असावा :

‘सदर प्रकरण दि. 3 जून रोजी प्राप्त झाले व दि. 24 जून रोजी सादर केले, ही वस्तुस्थिती आहे. मुलगा रुग्णालयात असल्याने दि. 9 ते 13 जून मी मंजूर रजेवर होते. रजेवर जाताना प्रलंबित प्रकरणांची यादी दिली नाही आणि दि. 16 जून रोजी हजर झाल्यावर जुने टपाल तपासण्यास उशीर झाला, ही माझी चूक मला मान्य आहे. या काळात माझ्याकडे दुसऱ्या टेबलचा अतिरिक्त कार्यभार होता, आदेशाची प्रत सोबत जोडली आहे. विलंब हेतुपुरस्सर नव्हता. संबंधित कर्मचाऱ्यास झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगिरी व्यक्त करते.’

अतिरिक्त कार्यभाराचे एकच वाक्य ठेवा आणि खाली आदेश जोडा. मैत्रीण सुचवते तसा कामाच्या ताणाचा परिच्छेद लिहिलात, तर उत्तराची तक्रार होते आणि वाचणाऱ्याला वाटते की दोष आमच्यावरच टाकला जातोय. दिलगिरीत ‘काही चूक झाली असल्यास’ असेही नको. चूक वरच मान्य केली आहे, खाली ती शंकास्पद करू नका. तक्रार करणाऱ्या सहकाऱ्याच्या हेतूबद्दल एक अक्षरही नको.

‘यापुढे असे होणार नाही’ हे प्रत्येक खुलाशात असते, म्हणून त्याला वजन नाही. त्याऐवजी तुम्ही काय केलेत ते सांगा. समजा, कार्यविवरण नोंदवहीचा साप्ताहिक गोषवारा दर सोमवारी पर्यवेक्षकांना दाखवायला सुरुवात केली असेल, तर तारखेसह लिहा. केलेच नसेल तर लिहू नका. नोंदवही कुणीही मागवू शकते.

शेवटी ‘परिस्थिती विचारात घेऊन प्रकरण ताकीद देऊन निकाली काढावे’ अशी स्पष्ट विनंती करा. ताकीद ही शिस्त व अपील नियम, 1979 मधल्या शिक्षांच्या यादीत नाही, ठपका मात्र त्या यादीत आहे. किरकोळ शिक्षा झाली तर तिची नोंद सेवापुस्तकात राहते, म्हणून हा फरक तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड मिळायला वेळ लागणार असेल, तर तीन दिवस संपण्याआधी लेखी मुदतवाढ मागा. खुलासा दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घेऊन ती घरी ठेवा.