पायलटच्या दहा गायी आणि एक फसवा आकडा

प्रश्न : तालुक्यातल्या गायींचं रोजचं सरासरी दूध काढायचंय, चूक जास्तीत जास्त अर्धा लिटर. पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, दहा गायींचं प्रमाण विचलन २.४ लिटर आलं. ९५ टक्के विश्वासपातळीला १.९६ धरून ८९ गायी येतात. सर म्हणतात, कमी आहेत. का?

सरांचं बरोबर आहे. १.९६ हा आकडा खरं विचलन माहीत असेल तेव्हाचा. तुमचे २.४ म्हणजे दहा गायींवरून बांधलेला अंदाज. दुधाचे आकडे साधारण प्रसामान्य वितरणाचे मानले, तर ९५ टक्के विश्वासपातळीला खरं विचलन १.६५ ते ४.३८ लिटरच्या दरम्यान कुठेही असू शकतं. १.९६ च धरून या दोन टोकांना हिशेब केला, तर गायी ४२ ते २९५ निघतात! म्हणजे ८९ हा आकडा दिसतो तितका ठाम नाही.

यावर चार्ल्स स्टाइन यांनी १९४५ मध्ये दोन टप्प्यांची पद्धत दिली. त्यात १.९६ च्या जागी t-सारणीतला आकडा घ्यायचा, पायलटच्या स्वातंत्र्य मात्रांचा. मात्रा गायींपेक्षा एकाने कमी, म्हणून दहा गायींना मात्रा ९, आणि t = २.२६२. सूत्रात s म्हणजे पायलटचं विचलन, d म्हणजे चालणारी चूक.

`n = (t × s / d)²`

२.२६२ × २.४ ÷ ०.५ म्हणजे १०.८६; त्याचा वर्ग ११७.९. अपूर्णांक नेहमी वरच न्यायचा, म्हणून ११८ गायी. पायलट तीस गायींचा असता आणि विचलन तेवढंच आलं असतं, तर t २.०४५ होऊन ९७ वर भागलं असतं.

प्रश्न : मग आणखी ११८ मोजायच्या, की पायलटच्या दहा त्यातच धरायच्या?

त्यातच. नव्या १०८ पुरेत, मात्र निवड आणि मोजण्याची रीत तीच हवी. पायलटला सकाळचंच दूध मोजलं आणि आता दोन्ही वेळचं मोजणार असाल, तर जुने दहा आकडे बाजूला ठेवा.

एक बारकावा बहुतेकांच्या हातून सुटतो. सरासरी सगळ्या ११८ गायींची घ्यायची, पण विश्वासांतर मांडताना विचलन पायलटचंच, २.४, आणि t ही ९ मात्रांचाच. स्टाइनची ९५ टक्क्यांची हमी त्यावरच उभी आहे. सूत्रातून सातच गायी आल्या, तरी मोजलेल्या दहा दहाच राहतात.

प्रश्न : माझ्या पायलटच्या दहाही गायी मामांच्या गोठ्यातल्या आहेत. चालेल ना?

नाही. एका गोठ्यात चारा एक, पेंड एक, बहुधा जातही एकच. गोठ्यागोठ्यातला फरक मोजलाच जात नाही, विचलन खोटं लहान येतं. ते खऱ्याच्या निम्मं आलं, की नमुना चौथाई होतो, आणि t ला ही चूक दिसत नाही. तालुक्यातले दहा गोठे चिठ्ठ्या टाकून निवडा, प्रत्येकातली एक गाय घ्या. मामांचा गोठा चिठ्ठीत निघालाच, तर तिथलीही एकच.