चिल्लर पाकीट केवढं, ते फोटोत कसं कळावं?

ताई, सोलापुरी चादरीच्या कापडाचं पाकीट छान जमलंय, पण फोटोत ते पर्सएवढं दिसतं. गिऱ्हाईक हातात घेऊन म्हणणार, "एवढंसंच?"

नवीन माणूस हमखास एकच चूक करतो. पाकीट बोटांच्या टोकावर धरून मोबाईलजवळ नेतो, आणि तळवा मागे राहतो. मोबाईलपासून तळवा २० सेंटिमीटर आणि पाकीट १५ वर असेल, तर ते तळव्याच्या मानाने एक तृतीयांश मोठं दिसतं. म्हणून पाकीट तळव्यावर सपाट ठेवा, हातभर मागे सरका, मग झूम करून सरळ वरून फोटो घ्या. तुमचं नऊ सेंटिमीटरचं पाकीट साधारण तळव्याच्या रुंदीइतकं दिसायला हवं.

हात लहान-मोठे असतात, त्यामुळे दुसऱ्या फोटोत शेजारी दहाचं नाणं टेकवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे पाकिटाच्या लांबीत तीन नाणी बसून थोडी जागा उरेल. पाचचं नको, त्याची वेगवेगळ्या आकाराची नाणी चलनात आहेत. कुंडी, फुलदाणी तर नकोच. त्यांचं माप कुणाला ठाऊक?

खाली सेंटिमीटर लिहायचेच. मी एकदा आळस केला, अन् तीन कानातली परत आली.