सहा वर्षांनी त्याला मेसेज करताना

ताई, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात आम्ही दोघं क्वालिटीला होतो. तो पुण्याला एक्स्पोर्ट हाऊसमध्ये गेला, त्याला सहा वर्षं झाली. त्याचे वडील गेले तेव्हाही मी फोन केला नाही. आता तिथं इन्स्पेक्टरची जागा निघालीय म्हणे. कुठल्या तोंडानं विचारू?

– एक वाचक, सोलापूर

आधी नुसतं 'वडिलांचं कळलं, वाईट वाटलं' असं लिहायचं आणि चार दिवसांनी नोकरीचं काढायचं, हा बेत मनात असेल तर सोडा. दुसरा मेसेज आला की पहिल्यामागचं कारण त्याला कळेल, आणि ते न विचारण्यापेक्षाही जास्त लागेल. दोन्ही गोष्टी एकाच मेसेजमध्ये उघडपणे लिहा. उशिराची कारणं देऊ नका. कारणं दिली की 'असू दे रे' म्हणायचं ओझं त्याच्यावर पडतं.

'हाय, कसा आहेस?' एवढंच पाठवून उत्तराची वाट बघणंही नको. त्याच्याकडे तुमचा नंबर आता सेव्ह असेलच असं नाही, म्हणून सुरुवात नावानं आणि खात्यानं करा:

'मी अमुक, टेरी विभागात आपण बरोबर होतो. काका गेल्याचं कळूनही फोन केला नाही, चुकलं माझं. आज कामासाठी लिहितोय. तुमच्याकडे इन्स्पेक्टरची जागा आहे असं ऐकलं. ती कोण बघतं, एवढं सांगशील का? जमत नसेल तरी काही नाही.'

यात 'शब्द टाक' कुठंच नाही, ते मुद्दाम. शब्द टाकला की त्याचं नाव पणाला लागतं, आणि तुमचं गेल्या सहा वर्षांचं काम त्यानं पाहिलेलं नाही. माहिती देणं मात्र त्याला सोपं आहे. त्यानं आपणहून 'डिटेल्स पाठव' म्हटलं, तरच पुढं जसाच्या तसा पाठवता येईल असा मजकूर द्या: '४५० ते ६०० जीएसएम टेरी टॉवेल, इन-लाइन आणि फायनल इन्स्पेक्शन, मेजर दोषांसाठी एक्यूएल २.५.' शेड फरक, सुटलेला पाइल, शिलाईतले दोष यांतलं तुम्ही नेमकं काय पकडता, तेही एका ओळीत घाला. बायोडेटाची पीडीएफ त्यानंतर.

महिनाअखेरीला पाठवू नका. माल रवाना करायच्या गडबडीत तुमचा मेसेज वाचला जाईल आणि तसाच खाली जाईल. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करा, तीही एका ओळीची. निळ्या खुणा दिसल्या म्हणून लगेच फोन लावू नका. दुसऱ्यांदाही गप्प राहिला तर तिथं थांबा आणि कंपनीकडे थेट अर्ज करा. अर्जात त्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय घालू नका.

आणखी एक. 'सध्या इथं कुणाला बोलू नकोस' हे त्याला स्पष्ट सांगा, पण पहिल्या मेसेजमध्ये नाही, तो बोलता झाल्यावर. आपल्याकडे सूतवाल्यापासून शिलाईवाल्यापर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात, बातमी तुमच्या मालकापर्यंत तुमच्या आधी पोचेल.

भेटायला बोलावलं तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जा, संध्याकाळी त्याच गाडीनं परत येता येतं. त्याच्या घरी गेलात तर आधी काकूंजवळ बसा. नोकरीचा विषय त्यानं काढला तरच.