अवतरणातला एखादा शब्द ठळक केला तर ते कसं सांगायचं?

"मूळ मजकुरात ठळक नसलेला शब्द मी ठळक केला, तर वाचकाला कसं कळवायचं? तळटीप पुरेल का?"

तळटीप फार लांब पडते. अवतरणचिन्ह संपलं की तिथेच कंसात लिहा. संविधानाच्या उद्देशिकेतलं उदाहरण घेऊ:

"दर्जाची व संधीची समानता" (ठळक ठसा माझा)

समजा, इथे 'संधीची' हा शब्द मी ठळक केला. उद्देशिकेत तो ठळक नाही. कंस गाळला, तर संविधानकारांनीच 'संधी'वर भर दिला असं वाचकाला वाटेल. हाच कंस अवतरणाच्या आत टाकला, तर तोही मूळ मजकुराचा भाग वाटतो. आतच ठेवायचा असेल, तर चौकोनी कंस वापरा.

मुळातच काही ठळक असेल, तर "ठळक ठसा मुळातला" असं लिहा. दोन्ही असतील, तर स्वतःचा भर अधोरेखित करा आणि "अधोरेखन माझे" म्हणा. देवनागरीत तिरपा ठसा पटकन नजरेत भरत नाही, म्हणून मी तो टाळतो.

एक अडचण उरतेच. मजकूर कॉपी करताना ठळकपणा बऱ्याचदा उडतो आणि नुसता कंस उरतो. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी मी "'संधीची' हा शब्द ठळक मी केला" असं सरळ लिहितो.