मीरकॅटचा पहारेकरी खरंच जीव धोक्यात घालतो का?

प्रश्न: "एक मीरकॅट उंचावर उभा राहून सगळ्यांना सावध करतो, पण मग गरुड आधी त्यालाच उचलत असेल ना? तो असा त्याग का करतो?"

मुंगसाच्या कुळातल्या, आफ्रिकेत कळपाने राहणाऱ्या या छोट्या प्राण्याला पहाऱ्यावर जीव जाण्याचा धोका आपल्याला वाटतो तेवढा नसतो. प्राणीशास्त्रज्ञ टिम क्लटन-ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटात २००० तासांहून जास्त निरीक्षण केलं, १९९९ मध्ये ते छापून आलं, आणि त्या सगळ्या वेळात पहाऱ्यावरचा एकही मीरकॅट मारला गेलेला दिसला नाही. कारण साधं आहे, शत्रू सगळ्यात आधी त्यालाच दिसतो आणि तो बहुतेक वेळा बिळाच्या जवळच उभा असतो. खरा धोका खाली वाळूत तोंड खुपसून विंचू नि अळ्या उकरणाऱ्यांना, त्यांना वरचं काहीच दिसत नाही.

म्हणून पहारेकरी मधूनमधून हळू आवाज काढत राहतो, म्हणजे खालच्यांना कळतं की कोणीतरी वर आहे आणि ते मान वर न करता निवांत खणतात. धोका दिसला की आवाज बदलतो. मार्टा मॅन्सर या संशोधिकेने या हाका रेकॉर्ड करून पुन्हा ऐकवून बघितल्या, तर आकाशातल्या शिकाऱ्यासाठी वेगळी, कोल्ह्यासारख्या जमिनीवरच्यासाठी वेगळी, आणि सापासाठी तिसरीच, ती ऐकून बाकीचे पळत नाहीत तर शेपट्या ताठ करून उलट गोळा होतात. शिवाय धोका जितका जवळ तितका आवाज खरखरीत आणि कर्कश, त्यामुळे ऐकणाऱ्याला काय आलंय आणि किती घाई आहे हे दोन्ही एकाच हाकेत कळतं. मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं.

आता किंमत. ती भुकेची असते. वर उभं असताना खाता येत नाही, आणि जेमतेम पाऊण किलोच्या या प्राण्याचं वजन रात्रभरात घटतं, ते दिवसा खणूनच भरून काढावं लागतं. मग क्लटन-ब्रॉकच्या टीमने काही मीरकॅटना उकडलेलं अंडं खायला घातलं, तर पोट भरलेले जास्त वेळा पहाऱ्यावर चढले! पाळ्या ठरलेल्या नसतात, ज्याचं पोट भरलंय आणि वर दुसरं कोणी नाही तो चढतो, उपाशी असेल तो खणत राहतो. एकटा पडलेला मीरकॅटसुद्धा असा उभा राहून बघतो, म्हणजे पोट भरल्यावर यात त्याचा स्वतःचाही फायदा आहेच, त्यामुळे त्याग हा शब्द मी तरी वापरणार नाही.

पण सगळा स्वार्थच आहे असंही म्हणू नका. पिल्लं कळपाबरोबर बाहेर फिरायला लागली की मदतनीस मीरकॅट, म्हणजे दुसऱ्यांची पिल्लं वाढवायला हातभार लावणारे, नेहमीपेक्षा जास्त पहारा देतात, आणि हे फक्त भरलेल्या पोटावरून समजावता येत नाही.