माहिती अधिकाराचा अर्ज : एकदम तीन लांबीत लिहून घ्या

प्रश्न : "वारस नोंद अडकली आहे म्हणून माहिती अधिकारात अर्ज दिला. पुतणीने दोन पानी छान लिहून दिला होता. उत्तर आलं, 'मागणी संदिग्ध व प्रश्नार्थक आहे.' आता छोटा करू म्हटलं तर तिला कळत नाही काय ठेवावं नि काय काढावं. किती छोटा करू?"

हे उत्तर वाचून माझं जुनं दुखणं वर आलं, म्हणून जरा लांब लिहितो. दहा रुपयांचं तिकीट, पोच घेणं, जोडपत्र 'अ' वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. मी वकील नाही. जे सांगतो ते महाराष्ट्रापुरतं धरा.

पुतणीला 'छोटा कर' असं सांगू नका. तिला एकाच वेळी तीन मसुदे मागा : एक पानभर, एक साधारण ऐंशी शब्दांचा, एक वीस-पंचवीस शब्दांचा. आणि बजावून सांगा की प्रत्येक कोऱ्या कागदावर लिहायचा, लांबातून कापून छोटा करायचा नाही. कापायला बसलं की माणूस जीव जडलेली वाक्यं वाचवतो. वडील आजारी असताना किती खेटे घातले ते राहतं आणि आवक क्रमांक जातो. तिन्ही स्वतंत्र लिहिले की तिला दर वेळी नव्याने ठरवावं लागतं की हे नसेल तर अडेल का. नंतर तिन्ही समोरासमोर ठेवलेत की दिसतंच : जे फक्त लांब मसुद्यात आहे, ती बहुतेक तुमची कैफियत असते.

शब्दमर्यादेचं म्हणाल तर आपल्या राज्याच्या नियमांत 2012 पासून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे 150 शब्दांत असावा अशी अट आहे. केंद्राच्या कार्यालयांसाठी 500 शब्दांची. पण ती कमाल मर्यादा झाली. 150 पर्यंत भरायलाच हवं असं काही नाही.

आता माझ्या नोंदीचा किस्सा. भाच्याने असेच तीन मसुदे दिले, पण ते दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेचा अर्ज एका ओळखीच्या टंकलेखकाने पानभर ठोकला होता आणि शेवटी 'या विलंबास जबाबदार कोण, व कारवाई का केली नाही?' हे होतंच. कार्यालयाने (नाव घेत नाही, काय उपयोग) नेमकं तेच वाक्य उचललं. 'का' चं उत्तर देणं माहितीच्या व्याख्येत बसत नाही, असं एका ओळीत कळवून टाकलं. वरच्या कागदपत्रांच्या मागणीला हातसुद्धा लावला नाही. तीस दिवस संपत आले तेव्हा हे उत्तर पोचलं, पुढे पहिलं अपील, त्याची सुनावणी, तिथेही तेच साहेब. लांब अर्जात समोरच्याला सोयीचं वाक्य निवडायला मिळतं, एवढं लक्षात ठेवा. त्यांचं म्हणणं कायद्याने चूक होतं असंही नाही : त्यांच्याकडे असलेली नोंद द्यायची असते, खुलासा करायचा नसतो.

दुसऱ्या खेपेचा सर्वांत छोटा मसुदा असा होता : 'माझ्या वारस नोंदीच्या अर्जाची सद्यस्थिती व त्यावरील सर्व कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात.' दिसायला सुटसुटीत, पण 'सद्यस्थिती' म्हटलं की उत्तर येतं 'कार्यवाही सुरू आहे', आणि ते खोटंही नसतं. कुठल्या अर्जाची, कुठल्या तारखेपासूनचे कागद, हे कारकुनाला शोधावं लागलं असतं. हा आम्ही बाजूला ठेवला.

मधला मसुदा असा (गाव, क्रमांक बदलले आहेत) :

'मौजे अमुक, गट क्रमांक 212 वरील वारस नोंदीसाठी मी दि. 12 जून 2023 रोजी दिलेल्या अर्जाबाबत (आवक क्रमांक अमुक) पुढील प्रती मिळाव्यात. कालावधी : 12 जून 2023 ते आजपर्यंत. 1) अर्जावरील सर्व शेरे, टिपण्या व पत्रव्यवहार. 2) गाव नमुना 6-क मधील संबंधित नोंद. 3) अर्ज ज्या ज्या कर्मचाऱ्याकडे होता त्यांची नावे, हुद्दे व ताब्याच्या तारखा दाखवणारी नोंद. प्रती साक्षांकित, टपालाने.'

यात 'का' कुठेच नाही. पण तिसरा मुद्दा बघा. 'जबाबदार कोण' हाच प्रश्न आहे, फक्त कागदाच्या रूपात. तारखा कागदावर आल्या की अर्ज कुणाच्या टेबलावर किती दिवस पडला होता ते आपोआप दिसतं. कारण देण्याचीही गरज नाही, कलम 6(2) प्रमाणे माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही.

आता पुरेसा छोटा कोणता ते ठरवायचं कसं? सर्वांत छोटा मसुदा घेऊन तुमच्या प्रकरणाची काही माहिती नसलेल्या माणसाकडे द्या. शेजारचे निवृत्त कारकून मिळाले तर उत्तमच. त्यांना म्हणा, 'तुम्ही अभिलेख कक्षात आहात, हे वाचून उठा आणि सांगा कोणती फाइल काढाल.' त्यांनी 'कुठल्या सालची?' किंवा 'कोणता अर्ज?' विचारलं की तो मसुदा नापास. पुढच्या लांबीचा घ्या. ज्या मसुद्यावर ते न विचारता उठतील, तो द्या. त्याहून मोठ्याकडे बघूच नका, भाषा कितीही आवडली तरी. आणि दोन मसुद्यांची खिचडी करू नका. 'ते वाक्य चांगलं होतं, तेवढं घालू' करत करत पुन्हा पान भरतं.

एक अडचण सांगतो. आवक क्रमांक हातात नसेल (माझ्या एका नातेवाइकांना पोचच दिली नव्हती), तर कितीही शब्द वाढवून उपयोग नाही. तेव्हा आधी कागद तपासायची मागणी करा. अभिलेखाची पाहणी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. क्रमांक तिथून लिहून आणा, मग मसुदा बनवा. तुमचा अर्ज ऑनलाइन भरलेला असेल तर तो क्रमांक वेगळा असतो, दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

वारस नोंदीवर कुणी हरकत घेतली असेल तर मात्र माझं हे सगळं थोडं बाजूला ठेवा. तो वादाचा विषय, तिथे नोटीस आणि हरकतीच्या कागदांची मागणीही मसुद्यात लागेल, मग ऐंशी शब्द पुरणार नाहीत. एखाद्या महसुली कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा.

पानभराचा मसुदा फाडू नका. अपील करायची वेळ आलीच तर तो तिथे कामाला येतो. अपिलात घटनाक्रम सांगावा लागतो : कधी अर्ज दिला, कधी उत्तर आलं, उत्तरात काय राहिलं. पुतणीला सांगा, तिचं लिहिणं वाया गेलेलं नाही. पहिल्या अपिलाची मुदत उत्तर मिळाल्यापासून तीस दिवस असते. तुमचं उत्तर कधी आलंय ते तुम्ही लिहिलं नाही, तारीख बघा आणि नवा अर्ज देताना अपिलाची मुदत हातची जाऊ देऊ नका, दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.