उतारावरचा ठोकळा: आधी ओढ मोज

दादरच्या क्लासला येतोस म्हणून सांगतो, घर्षण थेट μN, म्हणजे घर्षणांक गुणिले लंब बल, धरू नकोस. 30° च्या फळीवर 5 किलोचा ठोकळा आहे, स्थितिक घर्षणांक 0.6. उताराच्या दिशेने ओढ 5 × 9.8 × sin 30°, म्हणजे 24.5 न्यूटन. लंब बल 42.4, त्यामुळे घर्षण जास्तीत जास्त 25.4 पर्यंत जाऊ शकतं. ओढ कमी, ठोकळा जागचा हलत नाही.

पण प्रत्यक्ष घर्षण किती? 24.5च! 25.4 लिहिलंस तर ठोकळा आपोआप वर चढेल, आणि तिथेच चूक कळते. ती फक्त कमाल मर्यादा आहे. फळी 31° वर नेलीस की ओढ मर्यादेच्या किंचित पुढे जाते आणि ठोकळा सुटतो. घरी करून बघशील तर पावसाळ्यात फळी आधी कोरडी पूस, दमटपणाने घर्षणांक बदलतो.